सिनॉप्सिस : इन्सुलिनच्या जागी झालेल्या गाठी – कच्ची कल्पना आहे, प्रोटोकॉल कसा उभा करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. एमडी मेडिसिन पहिलं वर्ष, मुंबईतच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आहे. सिनॉप्सिस द्यायची तारीख तीन आठवड्यांवर आलीय आणि माझ्याकडे अजून फक्त एक कल्पना आहे, तिचा प्रोटोकॉल होत नाहीये.

कल्पना कुठून आली ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी वॉर्डात एक मावशी अ‍ॅडमिट होत्या, वय 58, चौदा वर्षं डायबेटिस, सहा वर्षं इन्सुलिन. डोस वाढत वाढत रोजचा 64 युनिटपर्यंत गेलेला आणि शुगर तरी तीनशेच्या खाली येत नव्हती, आम्ही राउंडला डाएट पाळत नाही वगैरे बोलून पुढे जात होतो. मग एका सिस्टरांनी पोटावर हात फिरवला आणि मला बोलावून माझी बोटं तिथे टेकवली. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पुरीएवढ्या दोन जाडसर रबरी गाठी होत्या, मावशी म्हणाल्या तिथे दुखत नाही म्हणून सहा वर्षं तिथेच टोचते. त्या संध्याकाळी तोच डोस मांडीत दिला गेला आणि रात्री दोनला त्या घामाने भिजलेल्या, शुगर 52. ग्लुकोज दिलं, सावरल्या, पण मला ते विसरता येत नाहीये.

तर माझी कल्पना : इन्सुलिन टोचण्याची पद्धत बघायची, गाठी बघायच्या, शिकवायचं आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी खाली येतो का बघायचं. सोबत इन्सुलिन घरी कसं ठेवतात (वस्तीत फ्रीज नसतो), सुई किती वेळा वापरतात, किती माहिती आहे, क्वालिटी ऑफ लाइफ, हायपो किती वेळा झाला, हेपण. गाइड मॅडम म्हणाल्या "चांगलं आहे, लिहून आण". काय लिहून आणू तेच कळत नाहीये.

तळ्यात_मळ्यात
एवढं टेन्शन नको घेऊस. मी सर्जरीचा थिसिस 60 केसेसवर केला, कोणी काही विचारलं नाही. 30 च्या वर गेलं की सॅम्पल लार्ज धरतात, तू 50 घे आणि मोकळी हो. आणि हे ऑब्झर्वेशनल आहे, औषध वगैरे देत नाहीयेस, त्यामुळे एथिक्सवाले एक्झेम्प्ट करतील, एक पानी अर्ज पुरतो.

निवांत_डॉक
रानजाई, तुझी कल्पना खरंच चांगली आहे कारण ती पेशंटच्या पोटावरून आलीय, जर्नलमधून उचललेली नाही. पण तू एका सिनॉप्सिसमध्ये तीन थिसिस भरतेयस. पंचवीस वर्षं पीएसएममध्ये शिकवलं आणि बरीच वर्षं एथिक्स कमिटीवर बसलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी एक काम कर. कागदावर एकच वाक्य लिही, "थिसिस संपल्यावर मला हा एक आकडा सांगता आला पाहिजे". तो आकडा कुठला? शिकवल्यावर एचबीए1सी किती उतरला, हा एक आकडा आहे. आमच्या ओपीडीत इन्सुलिन घेणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना गाठी आहेत, हा दुसरा. दोन्हीचं डिझाइन वेगळं, सॅम्पल साइझ वेगळी, एथिक्सही वेगळं. पहिला घेतलास तर तो इंटरव्हेन्शन झाला आणि त्याला कंट्रोल ग्रुप पाहिजे.

कंट्रोल का, ते सांगतो, कारण "आधी-नंतर" वाले थिसिस दर वर्षी ढिगाने येतात. तू कोणाला घेणार? ज्यांचा एचबीए1सी 10 च्या वर आहे त्यांना. आता ज्या दिवशी एखाद्याचा आकडा फार चढलेला सापडतो त्या दिवशी तो त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बहुधा वरच असतो, लग्नसराई असेल, इन्फेक्शन असेल, गोळ्या संपल्या असतील. तीन महिन्यांनी तो आपणहून थोडा खाली येणारच, तू शिकव नाहीतर नको शिकवूस. शिवाय त्याच तीन महिन्यांत कोणीतरी डोस बदललेला असणार. मग उतरलेल्यातला तुझ्या शिकवण्याचा वाटा किती हे कंट्रोलशिवाय कसं सांगशील? आणि कंट्रोल ठेवलास तर ज्याच्या पोटावर गाठ हाताला लागलीय त्याला तीन महिने काही न सांगता पाठवशील का? मी कमिटीत असतो तर जाऊ दिलं नसतं.

म्हणून माझं मत, दुसरा आकडा घे. क्रॉस-सेक्शनल. गाठी किती जणांना, हा पहिला उद्देश. गाठी असलेल्यांचा एचबीए1सी नसलेल्यांपेक्षा वेगळा आहे का, हा दुसरा. टोचण्याच्या कुठल्या सवयी गाठींशी जोडलेल्या दिसतात, हा तिसरा. बस. क्वालिटी ऑफ लाइफ काढून टाक, त्याची प्रश्नावली वेगळी, मराठीत व्हॅलिडेट झालेली शोधावी लागते, तो पुन्हा एक वेगळा थिसिस.

@तळ्यात_मळ्यात, एक्झेम्प्टबद्दल चूक सांगतोयस, संध्याकाळी लिहितो.

भांडुपकर
मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, नऊ वर्षं इन्सुलिन घेतो. हे वाचून पोटाला हात लावून बघितला, डाव्या बाजूला काहीतरी जाड लागतंय. एक सुई मी सहा-सात वेळा वापरतो, बोथट झाली की बदलतो. आता मी काय करू, उद्यापासून मांडीत घेऊ का? सकाळी 30 रात्री 22 चालू आहे.

सिस्टर_चेंबूर
भांडुपकर दादा, थांबा. उद्यापासून आपल्या मनाने जागा बदलून तोच डोस घेऊ नका. वर ताईंनी मावशींचं लिहिलंय ना, तसंच होतं. गाठीतून इन्सुलिन कमी आणि कधीही कसंही शोषलं जातं, म्हणून डोस वाढवत नेलेला असतो, चांगल्या जागी तोच डोस टोचला की पूर्ण लागू पडतो आणि शुगर एकदम खाली जाते. आधी तुमच्या डॉक्टरांना गाठ दाखवा, ते डोस बघतील, मग जागा बदला. पुढचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी लागेल.

रानजाई ताई, मी एकवीस वर्षं डायबेटिस ओपीडीत आहे. गाठी बघायच्या तर डोळ्यांनी निम्म्यासुद्धा सापडत नाहीत, बोटांनीच सापडतात. हात कोमट करायचे, थोडी जेली नाहीतर साबणाचं पाणी लावायचं, पेशंटला आधी उभं करून आणि मग झोपवून बघायचं, बोटांची टोकं गोल फिरवत कडेकडून मध्ये यायचं. चांगली कातडी चिमटीत धरली की दोन बोटं जवळ येतात, गाठीवर येत नाहीत. हे शिकायला मला महिना लागला. तुम्ही पहिल्याच दिवशी पेशंट मोजायला बसलात तर सुरुवातीचे पन्नास चुकतील.

आणि सिरिंज बघाच. आपल्याकडे वायलमध्ये एका मिलीला 40 युनिट असतात, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनचं इन्सुलिन 100 चं. लोक दुकानातून नारिंगी टोपीची 100 वाली सिरिंज आणतात आणि 40 च्या वायलमधून 20 च्या खुणेपर्यंत भरतात, म्हणजे पोटात जातात फक्त 8 युनिट. मग शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवतात. गाठ नसतानासुद्धा एचबीए1सी 11 असतो तो यामुळे. हे नोंदवलं नाहीत तर तुमचं गणित घसरेल.

रानजाई
सिस्टर, हे सिरिंजचं माझ्या डोक्यातच नव्हतं!! प्रोफॉर्मामध्ये "सिरिंज आणि वायल प्रत्यक्ष बघितली का" असा रकाना टाकते.

निवांत सर, पटलं. थोडं वाईट वाटतंय कारण शिकवणं हाच माझ्या मनातला मुख्य भाग होता. पण मग सॅम्पल साइझ? एका सिनिअरने फॉर्म्युला दिला, 4pq भागिले L स्क्वेअर, L म्हणजे 10 टक्के. त्याचं उत्तर त्याच्या थिसिसला 400 आलं होतं, माझ्या को-रेसिडेंटने तोच वापरला तर 100 आलं. दोघांचा p पन्नासच. कोण चुकलं?

अंशुमती
दोघंही चुकले नाहीत, दोघांनी "10 टक्के" वेगवेगळ्या अर्थाने घेतले. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आहे, आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो.

एकाने म्हटलं की माझं उत्तर 50 आलं तर खरं 40 ते 60 मध्ये असलं तरी चालेल, म्हणजे वर-खाली सरळ 10. दुसऱ्याने घेतले 50 चे 10 टक्के, म्हणजे 5, तर 45 ते 55. पट्टा निम्मा केला की माणसं चौपट लागतात, म्हणून 100 चे 400. सिनॉप्सिसमध्ये नुसतं "प्रिसिजन 10%" लिहिलेलं असतं आणि कोणालाच कळत नाही कुठला. तू लिहिताना स्पष्ट लिही, ॲब्सोल्यूट का रिलेटिव्ह.

आता तुझं. p, म्हणजे गाठींचं अंदाजे प्रमाण, कुठून घेणार? गाठींचे आकडे देशोदेशी फार वेगळे आहेत. स्पेनमधला 2013 चा अभ्यास आहे, 430 पेशंट, त्यात साधारण 64 टक्के लोकांना गाठी. 2017 मध्ये 26 अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा 38 टक्के. 38 धरून बघ, d म्हणजे वर-खाली किती चालेल ते :

```
n = (1.96)² × p × q / d²
p = 0.38   q = 0.62

d = 0.10              n = 91
d = 0.07              n = 185
d = 0.05              n = 363
d = 0.038 (p चे 10%)  n = 627
```

एकच p, आणि आकडा 91 पासून 627 पर्यंत. म्हणून सॅम्पल साइझ "काढायची" असते हे अर्धंच खरं, d तुलाच ठरवायचा असतो आणि त्याचं कारण द्यायचं असतं. तुझ्याच ओपीडीचा आकडा आधी कोणी काढलेला नसेल तर p पन्नास धर, त्याला सगळ्यात जास्त माणसं लागतात म्हणून तो सुरक्षित बाजूचा. d सात टक्के घेतलास तर बरोबर 196 येतात. नकार देणारे, रिपोर्ट हरवलेले असे 10 टक्के धरले तर 196 ला 0.9 ने भाग, 218. (196 चे 10 टक्के नुसते मिळवू नकोस, 216 येतात आणि मग गळती झाल्यावर दोन-तीन कमी पडतात. लहान गोष्ट आहे पण परीक्षक विचारतात.)

@तळ्यात_मळ्यात, 30 ची गोष्ट सरासरीच्या वितरणासाठी सांगतात, किती माणसं घ्यायची याचा तो नियम नाही. 50 जणांत 19 जणांना गाठी सापडल्या तर तिला फार तर एवढंच म्हणता येईल की खरा आकडा 25 ते 51 टक्क्यांमध्ये कुठेतरी आहे. त्याचा ओपीडीला काय उपयोग?

तळ्यात_मळ्यात
ओके, 30 चं मागे घेतो. पण ताई, 218 तिला मिळणार आहेत का हे कोणी विचारलंच नाही. आमच्या बॅचच्या एकाने 300 लिहून दिले, शेवटी 140 वर थांबला आणि मग गाइडबरोबर वाद. रेसिडेन्सीत इमर्जन्सी ड्यूटी असते, आयसीयू पोस्टिंग असतं.

निवांत_डॉक
हा मुद्दा अगदी बरोबर आहे. रानजाई, फॉर्म्युल्याआधी मोजणी. सलग दोन आठवडे ओपीडीच्या दारात बस आणि नुसत्या रेघा ओढ : आज डायबेटिसचे किती आले, त्यातले इन्सुलिनवर किती, वर्षभरापेक्षा जास्त किती, त्यातले थांबायला तयार किती. हे चार आकडे घेऊन ये, मग बोलू.

रानजाई
दोन आठवडे हातात नाहीत सर, पण काल आणि आज मिळून दोन ओपीडी मोजल्या. (आमच्याकडे डायबेटिस ओपीडी आठवड्यातून दोनदा असते.) 171 पेशंट, इन्सुलिनवर 48, वर्षाहून जास्त 31. मी विचारलं की वीस मिनिटं थांबाल का, 31 पैकी 19 हो म्हणाले. बाकीच्यांना लोकल पकडायची होती, कोणी कामावरून दोन तासांची सुट्टी काढून आलेलं, एक काका म्हणाले औषधाच्या रांगेत नंबर लावलाय, तो गेला तर पुन्हा तासभर.

एका पेशंटला तपासून, विचारून, सिरिंज बघून मला 24 मिनिटं लागली. म्हणजे एका ओपीडीत फार तर चार.

अंशुमती
छान मोजलंस. आठवड्याला आठ असं धरू नकोस, पाच धर, पोस्टिंग बदलणार, सुट्ट्या येणार, पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की ओपीडी रिकामी. तेच पेशंट महिन्याने परत येतात तेही लक्षात घे, नवे चेहरे हळूहळू कमी होत जातील. पाचने 218 ला 44 आठवडे. वर्षात बसतं पण सैल नाही. 363 बसलं नसतं.

दुसरा उद्देशही यात भागतो का ते बघितलं. समजा 196 पैकी 38 टक्क्यांना गाठी, म्हणजे 74 विरुद्ध 122. एचबीए1सीचं स्टँडर्ड डेव्हिएशन 2 धरलं, पॉवर 80 टक्के, तर दोन गटांत साधारण 0.8 चा फरक असेल तर तुला तो सापडेल. खरा फरक 0.4 असेल तर बहुधा निसटेल. हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये असंच लिही. नंतर फरक सापडला नाही तर "फरक नाही" असं लिहायचा मोह होतो, तो टळतो.

एक प्रश्न : ते 12 जण थांबले नाहीत ते कामावर जाणारे, म्हणजे तरुण. तुझ्या सॅम्पलमध्ये घरी असणारे, वयस्कर जास्त येतील. त्यांचं वय आणि इन्सुलिनची वर्षं एवढं तरी, त्यांच्या परवानगीने, टिपून ठेवता येईल का?

मळभ
मी डर्मेटची. इथे एक शंका. गाठींमुळे शुगर बिघडते असं दाखवायचंय ना? पण शुगर बिघडलेल्यांना डोस जास्त, टोचणं दिवसातून चार वेळा, म्हणून गाठी जास्त, असं उलटंही असू शकतं. क्रॉस-सेक्शनलमध्ये हे कसं सोडवणार?

निवांत_डॉक
पूर्ण सोडवता येत नाही, आणि ते प्रोटोकॉलमध्ये कबूल करायचं. इन्सुलिनची वर्षं, रोज किती वेळा, एकूण डोस, सुईचा पुनर्वापर, हे सगळं नोंदवून रिग्रेशनमध्ये घेता येतं. डोसबद्दल मात्र मला स्वतःला खात्री नाही, कारण डोस हे गाठीचं कारणही आहे आणि परिणामही, तो ॲडजस्ट केला तर खरा संबंधच पुसला जाऊ शकतो. अंशुमती काय म्हणते?

अंशुमती
मीही दोन्ही प्रकारे करून दोन्ही उत्तरं दाखवीन. डोसशिवाय आणि डोससकट. आणि कुठलं मुख्य धरणार हे डेटा हातात यायच्या आधी लिहून ठेवीन. यावर माझ्याच विभागात एकमत नाही, खरं सांगते. शीर्षकात "परिणाम" शब्द नको, "संबंध" लिही.

निवांत_डॉक
आता एथिक्स, कारण या थिसिसचा अवघड भाग तिथे आहे, सॅम्पल साइझमध्ये नाही.

आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एक्झेम्प्ट कधी, तर जिथे ओळख पटेल असं काही नाही, सार्वजनिक माहिती वगैरे, धोका जवळपास शून्य. इथे तू माणसाचे कपडे बाजूला करून पोट-मांडी तपासणार, नाव-नंबर घेणार, रक्त काढणार. हे किमान धोक्यात बसेल आणि एक्स्पेडाइटेड रिव्ह्यूला जाऊ शकेल, पण ते कमिटीने ठरवायचं, तू अर्जात स्वतःच ठरवून टाकू नकोस. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकही पेशंट घ्यायचा नाही, पायलटसाठीही नाही. कालपरवा मोजलेस ते ठीक, पण ते 24 मिनिटांचं तपासणं तुझ्या नेहमीच्या ओपीडी तपासणीचा भाग होतं असं मी धरतो, त्याची माहिती थिसिसमध्ये घालायची नाही.

दुसरं, एचबीए1सीचे पैसे. ज्यांचा गेल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट आहे त्यांचा तोच घे. ज्यांचा नाही आणि उपचारासाठी आत्ता लागतही नाही, त्यांची टेस्ट केवळ तुझ्यासाठी होणार, तर तो खर्च पेशंटच्या माथी नाही. कोण देणार हे बजेटच्या रकान्यात स्पष्ट पाहिजे. "हॉस्पिटल पुरवेल" लिहिलंस तर लॅबच्या प्रमुखांचं पत्र जोड.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. गाठ सापडली, मग? नुसतं लिहून घेऊन सोडणार का? नाही. आणि लगेच "मावशी, आता मांडीत टोचा" सांगणार का? तेही नाही, तू स्वतः रात्री दोन वाजता बघितलंयस काय होतं ते. म्हणजे तुझ्या या साध्या निरीक्षणाच्या अभ्यासातही पेशंटला धोका आहे, आणि तो सुईचा नाही, अर्धवट सल्ल्याचा आहे. प्रोटोकॉलमध्ये एक परिच्छेद यासाठी हवाच : सापडल्या दिवशी कोणाला कळवायचं, डोस कोण बघणार, पेशंटला हायपोची लक्षणं कोण समजावणार, फोन कधी करणार.

कमिटी विचारेल असं आणखी एक, तूच त्यांची डॉक्टर आणि तूच कन्सेंट घेणार. सरकारी दवाखान्यातला माणूस पांढऱ्या कोटाला नाही म्हणत नाही.

सिस्टर_चेंबूर
हे शेवटचं अगदी खरं आहे. आमच्याकडे एका पेशंटने तीन थिसिसच्या कागदांवर अंगठे दिले होते, विचारलं तर म्हणाल्या, "सही नाही केली तर इन्सुलिन देणार नाहीत ना". कोणी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनीच तसं धरून घेतलं होतं.

आणि तपासताना पडदा पाहिजे, सोबत बाई पाहिजे, पुरुष पेशंट असला तरी तुमच्याबरोबर कोणीतरी असू दे.

तळ्यात_मळ्यात
कन्सेंट मग सोशल वर्करने घ्यावा?

निवांत_डॉक
आदर्श तेच. पण दर ओपीडीला सोशल वर्कर रिकामा असतो का? निदान एवढं कर की त्या दिवशी जो पेशंट तुझ्याच टेबलावर आहे त्याचा कन्सेंट दुसऱ्या रेसिडेंटने घ्यावा, आणि इन्सुलिन आधी हातात देऊन मग विचारावं. वाचता न येणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. माहितीपत्रक मराठी आणि हिंदीत, दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून तपासलेलं. "लायपोहायपरट्रॉफी" लिहू नकोस, "सतत एकाच जागी टोचल्याने कातडीखाली होणारी गाठ" लिही.

रानजाई
तीन रात्री बसून लिहिलं. गुरुवारी मॅडमना दाखवायचंय. मुख्य मजकूर मराठीत टाकते, कृपया फोडून काढा.

शीर्षक : इन्सुलिन घेणाऱ्या प्रौढ रुग्णांमध्ये टोचण्याच्या जागी होणाऱ्या गाठींचं प्रमाण आणि त्यांचा एचबीए1सीशी संबंध, मुंबईतील एका तृतीय स्तराच्या रुग्णालयात.

हेतू : आमच्या ओपीडीत अशा गाठी किती रुग्णांना आहेत आणि अनियंत्रित शुगरशी त्यांचा कितपत संबंध दिसतो हे जाणून घेणं. उद्देश वर सरांनी सांगितलेले तीनच. इन्सुलिन कुठे ठेवतात हा प्रश्न तिसऱ्या उद्देशात ठेवलाय, कारण माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली वायल मी स्वतः बघितलीय.

डिझाइन : क्रॉस-सेक्शनल, एथिक्सच्या मंजुरीनंतर 12 महिने. वय 18 च्या वर, किमान एक वर्ष इन्सुलिन. गरोदर स्त्रिया नाहीत. डायलिसिसवरचे, तीन महिन्यांत रक्त चढवलेले, तीव्र ॲनिमिया असलेले, यांना आधी मी सरसकट वगळलं होतं. पण त्यांना गाठी होऊ शकतातच, भरवसा नाही तो त्यांच्या एचबीए1सीचा. म्हणून पहिल्या उद्देशात त्यांना घेतलंय, फक्त दुसऱ्यातून वगळलंय. गाठ तपासताना मला एचबीए1सी माहीत नसेल, रिपोर्ट बंद पाकिटात, तपासणी लिहून झाल्यावर उघडायचा, नाहीतर 12 दिसला की माझी बोटं गाठ शोधतच राहतील. पहिल्या 30 रुग्णांना मी आणि अनुभवी सिस्टर स्वतंत्रपणे तपासणार आणि आमचं किती जुळतं ते सांगणारा कप्पा हा आकडा काढणार.

सॅम्पल साइझ : p 50 टक्के, ॲब्सोल्यूट प्रिसिजन 7 टक्के, 95 टक्के कॉन्फिडन्स, 196, गळती धरून 218. ताईंचं 0.8 वालं वाक्य जसंच्या तसं. ओपीडीतली मोजणीही जोडलीय.

एथिक्स : कन्सेंट सरांच्या सूचनेप्रमाणे. फोटो काढणार असेन तर त्याचा वेगळा कन्सेंट. गाठ सापडली तर त्याच दिवशी युनिटच्या कन्सल्टंटना लेखी कळवणार, डोसचा निर्णय त्यांचा, तो होईपर्यंत जागा बदलायला सांगायचं नाही. हायपोची लक्षणं आणि काय खायचं ते माहितीपत्रकाच्या मागे चित्रात. जागा बदलल्यावर दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी फोन. ज्यांना गाठ नाही त्यांनाही टोचण्याची योग्य पद्धत शिकवणार, पण सगळी नोंद झाल्यानंतर.

मळभ
बंद पाकिटाची कल्पना फार आवडली. पण प्रश्न विचारतानाच पेशंट सांगून टाकेल की "माझी शुगर लई वाढलीय डॉक्टर", मग?

रानजाई
म्हणून क्रम बदलला, आधी तपासणी, मग प्रश्न. तरी काही जण आत येतानाच बोलतील. किती जणांनी आधीच सांगितलं ते टिपणार.

अंशुमती
पहिल्या 30 मध्ये कप्पा कमी आला तर काय करणार ते लिहिलं नाहीस. 0.6 च्या खाली आला तर पुन्हा सराव, पुन्हा 30, आणि ते पहिले 30 मुख्य मोजणीत घ्यायचे की नाही हे आत्ताच ठरव. मी घेणार नाही. म्हणजे तुझे 218 चे 248 होतात. बघ जमतंय का.

निवांत_डॉक
मी घेईन, सिस्टरांची नोंद प्रमाण धरून. यावर आपलं पटणार नाही, गाइडना ठरवू दे.

एक राहिलं रानजाई, तुझ्या मनातलं शिकवण्याचं इंटरव्हेन्शन पुढे कोणाला करायचं असेल तर ते ट्रायल होईल, सीटीआरआयवर पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदवावं लागेल, 2018 पासून ते नंतरची नोंदणी घेत नाहीत. त्यासाठी लागणारे p आणि स्टँडर्ड डेव्हिएशन तुझ्या या थिसिसमधून मिळतील. पुढच्या जेआरला दे.

रानजाई
हो सर. कन्सल्टंटना "त्याच दिवशी" कळवायचं लिहिलंय पण आमच्या युनिटचे सर शनिवारी नसतात. तो एक भाग अजून अडकलाय, मॅडमना विचारते.

भांडुपकर
मी परवा जाऊन आलो. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, गाठ आहे म्हणाले, दोन्ही डोस थोडे कमी केले आणि मग उजव्या बाजूला टोचायला सांगितलं. रोज चार वेळा शुगर बघतोय. सिस्टर, ती टोपीची गोष्ट वाचून सिरिंज बघितली, लाल आहे, पण गेल्या महिन्यात पेन दिलंय आणि पेनची सुई संपली की मी कधीकधी सिरिंजने त्या पेनमधूनच काढून घेतो. चालतं ना?

सिस्टर_चेंबूर
नाही चालत दादा, अजिबात नाही. पेनमधलं 100 चं असतं. लाल सिरिंजमध्ये 20 ची खूण म्हणजे तब्बल 50 युनिट जातील. आजच पेनच्या सुया आणा, आणि उद्या ओपीडीत पेन, सिरिंज दोन्ही घेऊन जा आणि असं किती वेळा केलंत ते सांगा. रानजाई ताई, हा रकानापण टाका.